पुतळाच्या नाहरकतीची सही

रंगमंचावरच्या थपडेचा आवाज मारणारा काढत नाही, मार खाणारा काढतो. मारणाऱ्याचा पंजा गालाजवळून वाऱ्यासारखा निघून जातो आणि त्याच क्षणी मार खाणाऱ्यानं आपले दोन तळवे कमरेपाशी एकमेकांवर आपटायचे असतात. प्रेक्षकाचं लक्ष गालाकडं असतं, हाताकडं कुणी बघत नाही. आमच्या कलापथकात हे काम पुतळाबाई ओव्हाळइतकं चोख कुणालाच जमलं नाही. अठरा वर्षं मी तिला स्टेजवर मारलं. एकदाही माझं बोट तिला लागलं नाही, आणि एकदाही शेवटच्या रांगेतल्या बायांनी डोळ्याला पदर लावला नाही असं झालं नाही.

मी वगात जमीनदार व्हायचो आणि ती सालगड्याची बायको. मी दरडावून विचारायचो, "चूक कबूल हाय का?" ती गप्प. मी पुन्हा विचारायचो. ती गप्पच. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी असा तो थांबा ती ताणायची, आणि त्या थांब्याचा भार अखेर माझ्या हातावर यायचा. मग थप्पड. नव्या पोरींना ती शिकवायची, की आपण जागा मोकळी सोडली की समोरच्याला राहवत न्हाय, तो ती भरतोच. मला वाटायचं ती कलेबद्दल बोलते आहे.

तिच्या कपाळावर डाव्या भुवईवर एक खोक होती. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, एका गावात आमच्या कार्यक्रमावर दगड आले, त्यातला तो एक. पंधरा वर्षांची होती. पेट्रोमॅक्स फुटला, ढोलकीवाल्याचा गुडघा फुटला, आम्ही बाजरीच्या रानातून चिखल तुडवत पळालो. पुतळाच्या डोळ्यात रक्त उतरलं होतं आणि ती एका हातानं माझी बाजाची पेटी धरून पळत होती. पेटी मी विसरलो होतो. त्या रात्रीपासून ती मला मास्तर म्हणू लागली आणि मी तिला पुतळा.

तिचे वडील ज्ञानोबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दोन भाऊ तिच्या पाठचे. धाकटा अमृत सात-आठ वर्षांचा असताना एकदा प्रयोगाला आला. मी पुतळाला थप्पड मारली, ती कोसळली, आणि हे पोरगं स्टेजवर चढून माझ्या मनगटाला कडकडून चावलं. दातांच्या खुणा अजून आहेत. पडदा पडल्यावर पुतळानं त्याला मांडीवर घेतलं, आपल्या गालाजवळून त्याचाच हात फिरवला आणि तळव्याचा आवाज काढून दाखवला. "बघ रं, लागत न्हाय मला. अक्काला कधीच लागत न्हाय." पोरगं हसायला लागलं. पुढं प्रत्येक प्रयोगाला ते पहिल्या रांगेत बसायचं, आणि सगळा मांडव रडत असताना एकटं खिदळायचं.

त्या हसण्याची आठवण मला या दोन वर्षांत फार वेळा झाली.

पुतळाचं लग्न ढोकीजवळच्या एका गावात झालं. नवरा दारूचा नव्हता, संशयाचा होता. नाचणारी बाई म्हणून शिव्या द्यायचा आणि तिच्याच गाण्याच्या पैशावर जेवायचा. एकदा त्यानं उकळत्या वरणाचं पातेलं तिच्या मांडीवर ओतलं. ती त्याच पायानं चालत रस्त्यापर्यंत आली आणि एसटीत बसून वडिलांकडं परतली. ज्ञानोबांनी दार उघडलं, तिची साडी बघितली आणि एवढंच म्हणाले, "आत ये. आता इथंच."

ज्ञानोबांनी निवृत्तीच्या फंडातून धाराशिवात कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक सदनिका घेतली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि डेपोकडं तोंड केलेली गॅलरी. पुतळा तिथं राहिली. कलापथक मोडलं तसं तिनं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. आई गेली. मधला भाऊ आणि त्याची बायको मोटारसायकलवरून येताना ट्रकखाली गेले, त्यांची मुलगी श्रावस्ती पुतळानं वाढवली, शिकवली, ती सोलापुरात नर्स झाली. मग ज्ञानोबांना अर्धांगवायू झाला. नऊ वर्षं पुतळानं त्यांना कूस बदलून दिली. पाठीला जखम होऊ दिली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अमृत तोवर ढोकीला मोठा मुकादम झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या, तीन ट्रॅक्टर, दुमजली घर. कामावरून पळालेल्या एका मजुराला त्यानं ट्रॉलीच्या साखळीनं मारलं होतं, ही गोष्ट तो स्वतःच चहाच्या टपरीवर सांगायचा. मारायची त्याला सवय झाली होती. एखाद्याला तंबाखूची होते तशी.

ज्ञानोबांनी एका बुद्धपौर्णिमेला, बोलता येत होतं तेव्हा, विहारात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं की घर पुतळाचं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. म्हाताऱ्याला वाटलं, चारशे माणसांत शब्द दिला, काम झालं. मृत्युपत्र केलं नाही. सोसायटीत वारस म्हणून कुणाचं नामनिर्देशन केलं नाही. तो फॉर्म त्यांच्या ट्रंकेत कोराच सापडला, घडीसुद्धा न मोडलेला.

ते गेले आणि पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, त्याच दुपारी अमृतनं विषय काढला. त्याला ऊसतोडणीचं यंत्र घ्यायचं होतं आणि त्यासाठी घर विकायचं होतं. विकायचं तर आधी ते एकट्याच्या नावावर पाहिजे.

सोसायटीचे सेक्रेटरी वीरप्पा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, कागदाला कागद लावणारे गृहस्थ. त्यांनी अमृतला नीट समजावलं. नामनिर्देशन नाही, मृत्युपत्र नाही, म्हणजे मालकी तिन्ही वारसांची सारखी, पुतळाबाई, अमृत आणि मेलेल्या भावाच्या जागी श्रावस्ती. एकाच्या नावावर करायचं तर बाकी दोघींनी नाहरकतीचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून द्यायचं. अर्जदारानं स्वतः हमीपत्र द्यायचं, म्हणजे उद्या कुणी दावा केला तर सोसायटीला तोशीस नको. मग वर्तमानपत्रात आणि फळ्यावर नोटीस लागणार, कुणाची हरकत आली नाही तर समिती भागाचा दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, त्याच्या नावावर करणार. आणि एवढं करूनही, वीरप्पा म्हणाले, सोसायटी फक्त सभासद बदलते. दोघींचा हक्क पुरता सुटायला रजिस्ट्री कचेरीत हक्कसोडपत्र करावंच लागेल. त्याशिवाय शहाणं गिऱ्हाईक घर घेणार नाही.

अमृतला त्यातलं एवढंच कळलं की दोन सह्या पाहिजेत, आणि एकदा त्या मिळाल्या की पुढच्या सह्याही तशाच मिळतील.

श्रावस्तीची सही त्यानं आठवड्यात मिळवली. तिच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी दोन संध्याकाळ तो टोळीतली माणसं घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी तिच्या स्कूटीचं सीट कोयत्यानं उभं चिरलेलं होतं आणि आत तिचाच पासपोर्ट फोटो खोचलेला होता. पोरीनं सोलापुरातच एका नोटरीकडं जाऊन सही केली. घरी फोन करून ती पुतळाला म्हणाली, "आत्या, मी केली. तू पण कर. घर नको आपल्याला." आणि रडली.

पुतळानं केली नाही. घर गेलं तर तिला जायला जागा नव्हती, एवढी साधी गोष्ट होती. वसतिगृहाचं काम सुटलेलं, वय एकसष्ट, अंगावर भाजल्याच्या खुणा. अमृत म्हणत होता ढोकीला माझ्याकडं राहा. त्याच्याकडं राहणं म्हणजे काय हे तिनं त्याच्या बायकोच्या दंडांवर पाहिलं होतं.

पहिल्या वेळी त्यानं घर मारलं. म्हणजे वस्तू. ज्ञानोबांची लोखंडी खाट गॅलरीतून खाली टाकली, ती खालच्या पाण्याच्या टाकीवर आपटली आणि सोसायटी दोन दिवस पाण्याविना राहिली. शेगडी भिंतीवर फोडली. माझी जुनी पेटी, जी ती बाजरीतून घेऊन पळाली होती आणि मी नंतर तिलाच दिली होती, तिच्यावर तो दोन्ही पायांनी उभा राहिला. पुतळा सांगायची की भाता फाटताना पेटीनं एक सूर काढला, काळी दोनच्या पट्टीचा, आणि बराच वेळ धरला.

दुसऱ्या वेळी त्यानं तिला मारलं. केस धरून फरशीवर, कमरेत लाथा, मग कमरेचा पट्टा. ती शेजाऱ्यांच्या दारापर्यंत सरपटत गेली. शेजाऱ्यांनी वीरप्पांना बोलावलं, चार माणसं जमली. अमृत शांतपणे खुर्चीवर बसून होता. त्यानं सगळ्यांना सांगितलं, की तुम्ही हिला ओळखत न्हाय का. ही कलापथकातली बाई. पडायचं हिला शिकवावं लागत न्हाय, लहानपणापासून म्या बघतुया, अठरा वर्षं रोज मार खाल्ला आन् एक वळ न्हाय उठला. माणसं एकमेकांकडं बघू लागली. एकानं तिच्या प्रयोगाची आठवण काढली, तेव्हाही खरंच वाटलं होतं म्हणाला. कुणी तरी हसलं. पुतळा दारात पाठ वळवून बसली होती, आणि पदर सारून पाठ दाखवायला तिला चार पुरुषांसमोर लाज वाटली.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला राग आला, पण तोंड लपवावंसंही वाटलं. तिचा मार खोटा आहे हे त्या पोराला पटवण्यात माझ्याही हाताचा वाटा होता.

तिसऱ्या वेळी तो टाईप केलेला स्टँप पेपर घेऊन आला. तिनं पेन घेतलं नाही. त्यानं तिचा डावा हात न्हाणीघराच्या चौकटीत धरला आणि दार ओढलं. दोन बोटं मोडली. दार पुन्हा उघडून पुन्हा ओढलं. उजव्या हाताला त्यानं बोट लावलं नाही. सही उजव्यानं करायची होती ना. जाताना म्हणाला की पुढच्या वेळी सोलापूरला जाईन. श्रावस्तीनं सही तर दिली आहे, पण पोरगी एकटी राहते, रात्रपाळी असते.

त्यावर पुतळा म्हणाली, "करते सही."

मी तिला दवाखान्यात भेटलो. हाताला प्लास्टर, ओठ फाटलेला. डॉक्टरांना तिनं न्हाणीत पडले असं सांगितलं होतं. मी पोलिसांत जाऊ म्हटलं. ती म्हणाली, कुणी बघितलंय, मास्तर. बघणाऱ्यांनी ठरवून टाकलंय की मी नाटक करते. मग तिनं मला विचारलं, साक्षीदार म्हणून सही कराल का. मी नाही म्हणालो. त्या कागदावर माझं नाव जाणार नाही, असं बरंच काही मोठ्या आवाजात बोललो. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तुमचं नाव नको. तुम्ही पायजे." मी कबूल झालो. का झालो हे मला नीट सांगता येणार नाही. ती मागेल त्या एंट्रीला हजर राहण्याची जुनी सवय, दुसरं काय.

तिनं अमृतला एकच अट घातली. नोटरी बंडप्पा वकीलच पाहिजेत.

बंडप्पा ऐंशीच्या घरातले. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल, शिक्का, लाल कापडाची नोंदवही. आवारातली पोरं त्यांना व्हयवकील म्हणत. बाकीचे नोटरी आधार कार्ड बघतात, सही घेतात, शिक्का मारतात. बंडप्पा अख्खा कागद मोठ्यानं वाचत, कलमाकलमाला थांबत आणि विचारत, "मान्य?" लिहून देणाऱ्यानं तोंडानं व्हय म्हटल्याशिवाय पुढं सरकत नसत. मान हलवलेली चालत नसे. तरुणपणी त्यांच्याच आजीचा अंगठा तिला न वाचून दाखवता एका कागदावर घेतला गेला होता, त्याचं हे प्रायश्चित्त होतं म्हणतात. घाईचे लोक त्यांच्याकडं जात नसत. पण अमृतला आता घाई नव्हती. बाई हो म्हणाली होती. तो नव्या पांढऱ्या सदऱ्यात आला, पेढ्याचा पुडा घेऊन.

सोमवार होता, अकराचा सुमार. आवार भरलेलं. तारखेला आलेली माणसं, टायपिस्ट, चहाची किटली घेऊन फिरणारा, कैद्यांना घेऊन आलेले चार पोलीस गाडीच्या सावलीत उभे. पुतळा रिक्षातून उतरली ती मी ओळखली नाही. तिनं प्रयोगातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. डोईवर पदर, प्लास्टरचा हात पदराखाली. चेहऱ्यावर हळद लावून वळ झाकले असतील असं मला वाटलं होतं, पण तिनं काहीच लावलं नव्हतं.

आधार कार्डं पाहून झाली. दोन साक्षीदार, मी आणि अमृतचा एक ट्रॅक्टरवाला. बंडप्पांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. मी खाली सही करणार पुतळाबाई ज्ञानोबा ओव्हाळ, वय एकसष्ट, राहणार धाराशिव, प्रतिज्ञापूर्वक लिहून देते की. माझे वडील अमुक तारखेला मयत झाले.

"मान्य?"

"व्हय," पुतळा म्हणाली.

मयतांनी कोणाचेही नामनिर्देशन केलेले नाही व त्यांना तीन वारस आहेत. मान्य? व्हय. सदर सदनिका माझे बंधू अमृत ज्ञानोबा ओव्हाळ यांच्या एकट्याच्या नावे होण्यास माझी कोणतीही हरकत नाही. मान्य?

तिनं श्वास घेतला. "कागदावर लिव्हलंय ते ऐकलं. म्होरं वाचा, सायेब."

बंडप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. अमृत हसला आणि म्हणाला की नाटकात होती आमची अक्का, डायलॉग लांबवायची सवय आहे. याचं व्हय बाकी राहिलं, असं म्हणत वकिलांनी बोट त्या ओळीवर ठेवलं आणि खालची ओळ वाचली. हे प्रतिज्ञापत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, शुद्धीवर राहून लिहून देत आहे.

"मान्य?"

पुतळा गप्प.

मी तिच्या मागं चार पावलांवर उभा होतो. हा थांबा माझ्या ओळखीचा होता. याच जागी, याच कोनात मान ठेवून, हाच पाय पुढं घेऊन ती अठरा वर्षं माझ्यासमोर उभी राहिली होती.

"बाई," बंडप्पा म्हणाले, "दबाव हाय का न्हाय? तोंडानं बोला."

गप्प. टायपिस्टाची मशीन थांबली. शेजारच्या टेबलाचा वकील वळून बघू लागला. अमृत तिच्या कानाशी वाकला आणि खालच्या आवाजात काही बोलला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही, ती समोर वकिलांकडं पाहत राहिली. त्यानं तिचा दंड धरून हलवला. पदर सरकला आणि प्लास्टर उघडं पडलं. बंडप्पांनी कागद हळूच आपल्याकडं ओढून घेतला. ते बघून अमृतचा चेहरा बदलला.

"अक्का, व्हय म्हण."

गप्प.

तिनं जागा मोकळी सोडली होती, आणि त्याला राहवलं नाही.

पंजा पुरा उघडा, खांद्यापासून आलेला. डाव्या गालावर, कानावर. मी जन्मभर थपडा मारल्या, पण तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, ओलं लाकूड फुटावं तसा. पुतळाला पडता येतं. त्या दिवशी ती पडली नाही. तिचे दोन्ही हात अंगाच्या दोन बाजूंना सरळ खाली होते, उजव्याचा तळवा उघडा, डावा प्लास्टरमध्ये, शंभर माणसांना दिसतील असे. कानातून रक्ताची रेघ निघून हिरव्या लुगड्यावर उतरली. तिनं पुन्हा वकिलांकडं पाहिलं.

अमृतला कुठं आहोत याचं भान राहिलं नाही. त्यानं दुसरी मारली, तिसरी मारली, मग टेबलाशेजारची लोखंडी खुर्ची उचलली. मी मध्ये गेलो. खुर्चीचा पाय माझ्या बरगडीत बसला आणि मी नोंदवहीवर पालथा पडलो. शाई सांडली. बंडप्पा ओरडत होते. खुर्ची दुसऱ्यांदा वर गेली ती पुतळाच्या खांद्यावर उतरली आणि आता मात्र ती गुडघ्यावर आली. तोवर वकिलांची दोन पोरं आणि चहावाला अमृतवर पडले होते. त्यानं एकाच्या नाकावर डोकं हाणलं. मग गर्दीनं त्याला घेतलं. तारखेला आलेली माणसं, ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, ती सगळी आपापली वर्षानुवर्षांची कोंडी त्याच्यावर मोकळी करू लागली. चपला, बुक्क्या, किटली. नवा सदरा चिंध्या झाला. पेढे मातीत तुडवले गेले. त्याचं डोकं खालच्या दगडावर एकदा आपटलं, दोनदा आपटलं.

पुतळा गुडघ्यावरच सरकत त्या पायांच्या गर्दीत शिरली आणि त्याच्यावर आडवी झाली. दोन-तीन लाथा तिला बसल्या, मग लोक थांबले.

"पोलिसाला द्या," ती म्हणाली. "मारू नका. बघितलंत न्हवं सगळ्यांनी? मग झालं."

गाडीच्या सावलीतले पोलीस तोवर धावत आले होते. अमृत खाली मातीत पडल्या पडल्या तिच्याकडं बघत होता. तोंड रक्तानं भरलेलं. त्याला काय वाटत होतं मला माहीत नाही. पण त्याची नजर तिच्या कानाकडं होती, आणि ती मला त्या सात वर्षांच्या पोराची वाटली, मांडीवर घेण्यापूर्वीची.

बंडप्पांनी नोंदवहीत काही लिहिलं नाही, कारण सही झालीच नव्हती. स्टँप पेपर त्यांनी पोलिसांच्या हवाली केला. पंचनाम्यात तो जप्त झाला, शाईनं आणि रक्तानं डागाळलेला. त्यावर साक्षीदारांच्या जागा कोऱ्या आहेत. फिर्यादीत मी साक्षीदार आहे, बंडप्पा आहेत, टायपिस्ट आहे, तीन वकील आहेत. ती नाटक करते असं म्हणायला एकही माणूस आला नाही. दवाखान्याच्या कागदात कानाचा पडदा फाटल्याची, बोटांची आणि पाठीवरच्या जुन्या वळांचीही नोंद झाली. अमृत तीन आठवड्यांनी जामिनावर सुटला. तिच्या घराच्या आणि श्रावस्तीच्या आसपास फिरकायचं नाही, ही जामिनाची अट. खटला चालू आहे.

श्रावस्ती दुसऱ्याच दिवशी सोलापूरहून आली. आधी आत्याचा कान धुतला, मग वीरप्पांकडं जाऊन लेखी दिलं की माझं नाहरकतपत्र धमकावून घेतलेलं आहे, ते मी मागं घेते. वीरप्पांनी पोच दिली. समितीनं अमृतचा अर्ज निकाली काढला, सगळ्या वारसांची संमती नाही म्हणून. पाहिजे तर कोर्टाकडून हुकूम आणा. ही बातमी द्यायला वीरप्पा स्वतः वर आले आणि बराच वेळ दारातच उभे राहिले. त्या दिवशी जमलेल्या चौघांत ते होते. पुतळानं त्यांना आत बोलावलं, चहा दिला. त्या प्रसंगाचा विषय तिनं काढला नाही.

महिन्याभरानं श्रावस्तीनं नवा कागद टाईप करून आणला. माझा हिस्सा आत्याला, हक्कसोड रजिस्टर करूनच टाकू, म्हणाली, उगाच पुन्हा भानगड नको. मी त्या वेळी तिथं होतो. मलाही ते पटलं होतं. पुतळानं कागद घेतला, घडी घातली आणि परत केला.

"मला इकायचं न्हाय, ऱ्हायचंय. तिघांचा हक्क हाय तवर कुणा एकाला इकता येत न्हाय. तुजा हिस्सा बी माझ्याकडं आला की मग परत कुणाला तरी माझी एकटीची सही लागंल."

श्रावस्ती म्हणाली, काकाचा हक्कही राहू द्यायचा का. पुतळा म्हणाली, माझ्या बापाचाच पोरगा हाय तो. कायद्यानं हाय तर असू दे.

सोसायटीचं बिल अजून मयत ज्ञानोबांच्या नावानं येतं. पुतळा ते भरते. फुटलेली पेटी श्रावस्तीनं लातुरात नेऊन दुरुस्त करून आणली, काळी दोन मात्र अजून जरा फाटकी वाजते. रविवारी दुपारी मी जातो. जिना चढताना माझ्या बरगडीत अजून दुखतं. गेलो की ती मला गॅलरीत तिच्या उजव्या अंगाला बसवते, कारण डाव्या कानानं आता काही ऐकू येत नाही.

एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी तू पडली का नाहीस. पहिल्या थपडेला खाली गेली असतीस तर कान वाचला असता. पडायचं तंत्र तुझ्याइतकं कुणाला येतं.

ती शेंगा सोलत होती. डाव्या हाताची ती दोन बोटं वळत नाहीत, त्यामुळं सगळं उजव्यानंच.

"पडले असते तर त्यो म्हणला असता, नाटक करती," ती म्हणाली. "म्हणून हात बी बाजूला ठिवले, मास्तर. आवाज कुणाचा हाय ते समद्यांना कळाय पायजे हुतं."

मग तिनं सोललेल्या शेंगा माझ्या ताटलीत टाकल्या आणि खाली डेपोत लागलेल्या ढोकीच्या गाडीकडं बघत बसली.